जॉइनिंग बोनस परत मागितला तर: नेमकं किती देणं लागतं?

आम्ही दोघं आज तुमच्यासमोर एकत्र बोलायला उभे आहोत त्याला कारण आहे. आमच्यापैकी एकजण नोकरीच्या करारांची वकिली करते आणि दुसरा गेली अनेक वर्षं कंपन्यांचं पेरोल, म्हणजे पगारपत्रकांचं काम बघतो. जॉइनिंग बोनसचं प्रकरण वकिलाकडे गेलं की फक्त कायदा बघितला जातो आणि पेरोलवाल्याकडे गेलं की फक्त आकडे. खरी अडचण या दोन्हींच्या मधल्या फटीत असते, म्हणून आज आम्ही दोघांनी मिळून बोलायचं ठरवलं.

विषय तुम्हाला माहीत आहे. हिंजवडी असो, खराडी असो की बंगळुरू, ऑफर लेटरमध्ये एक ओळ येते : इतके लाख जॉइनिंग बोनस, पहिल्या पगाराबरोबर. आणि तीन पानांनंतर दुसरी ओळ येते : बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास ही रक्कम परत करावी लागेल. या दुसऱ्या ओळीला क्लॉबॅक म्हणतात. पहिली ओळ सगळे वाचतात, घरी सांगतात, कधी पेढेही वाटतात. दुसरी ओळ राजीनामा देताना वाचली जाते.

आमच्याकडे येणारा माणूस साधारण एकच प्रश्न घेऊन येतो : "हे कायदेशीर आहे का हो?" त्याला वाटतं, उत्तर 'नाही' असेल आणि विषय संपेल. तर आधी तेच बघू, पण त्यात जास्त वेळ घालवणार नाही. कारण बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं, आणि खरे पैसे पुढच्या प्रश्नांमध्ये अडकलेले असतात.

पुष्कळांना कुणीतरी सांगितलेलं असतं की नोकरी सोडण्यावर बंधन घालणारा करार रद्दबातल असतो. हे भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या, कलम २७ वरून आलेलं अर्धवट ज्ञान आहे. ते कलम माणसाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणाऱ्या करारांबद्दल आहे. तुम्ही नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जाऊच नका, अशी अट असेल तर हे कलम तुमच्या कामाला येतं. पण 'जा, फक्त घेतलेले पैसे ठेवून जा' ही अट तुम्हाला रोखत नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात याच मुद्द्यावर निकाल दिला. तिथे बॉण्ड होता : किमान तीन वर्षं नोकरी करायची, नाहीतर दोन लाख रुपये भरायचे. अधिकाऱ्याने त्याआधीच दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, निषेध नोंदवून दोन लाख भरले आणि मग ते परत मिळावेत म्हणून कोर्टात गेला. उच्च न्यायालयात तो जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. कोर्टाने म्हटलं की नोकरी चालू असतानाच्या काळाला लागू असलेली अशी अट म्हणजे व्यवसायावर बंदी नव्हे, आणि सार्वजनिक बँकेला नव्याने भरती करायला खर्च येतो, तेव्हा ती रक्कमही अवाजवी नाही.

आता लक्षात घ्या, त्या प्रकरणात माणसाला स्वतःच्या खिशातून दोन लाख द्यायचे होते. त्याच्या बदल्यात बँकेने त्याला वेगळे दोन लाख दिलेले नव्हते. तरी अट टिकली. जॉइनिंग बोनसमध्ये तर कंपनी आधी पैसे देते आणि तेच परत मागते. त्यामुळे 'ही अटच बेकायदा आहे' या भरवशावर कुणी राजीनामा देऊ नये, असं आम्ही अगदी स्पष्ट सांगतो.

पण अट वैध असणं वेगळं आणि कंपनीने लिहिलेला आकडा जसाच्या तसा देणं लागणं वेगळं. इथून पुढे आपण एकच उदाहरण घेऊन चालू. माणसं काल्पनिक, आकडे गोल, पण अशी फाइल आमच्या टेबलावर वारंवार येते.

एक इंजिनियर मुलगी. सोमवार, २ डिसेंबर २०२४ ला नव्या कंपनीत रुजू झाली. जॉइनिंग बोनस ३ लाख रुपये, तो ३१ डिसेंबरला पहिल्या पगारात मिळाला. नोटीस पिरियड ९० दिवसांचा. तिने १८ सप्टेंबर २०२५ ला राजीनामा दिला. नव्वद दिवस मोजले तर शेवटचा दिवस येतो १७ डिसेंबर २०२५. म्हणजे तिचं वर्ष १ डिसेंबरला पूर्ण होतंय आणि ती त्यानंतरही पंधरवडाभर कामावर आहे. तिच्या हिशोबाने काहीच देणं नाही. एचआरच्या हिशोबाने पूर्ण ३ लाख.

बरोबर कोण? ऑफर लेटर उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. कारण 'बारा महिन्यांच्या आत सोडल्यास' हे आपण बोलताना म्हणतो, करारात ते तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असतं.

एका तऱ्हेत लिहिलेलं असतं की रुजू झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत नोकरी संपुष्टात आली तर. नोकरी संपते शेवटच्या कामाच्या दिवशी, राजीनाम्याच्या ईमेलच्या दिवशी नव्हे. या शब्दांत मुलगी बरोबर आहे, देणं शून्य. दुसऱ्या तऱ्हेत लिहिलेलं असतं की बारा महिन्यांच्या आत राजीनामा दिला किंवा नोटीस दिली तर. आता १८ सप्टेंबर ही तारीख मोजायची, आणि एचआर बरोबर आहे. तिसरी तऱ्हा सगळ्यात चोरपावलांनी येते : बोनस दिल्याच्या तारखेपासून बारा महिने. बोनस मिळाला ३१ डिसेंबरला, तेव्हा वर्ष संपणार पुढच्या ३१ डिसेंबरला. तिचा शेवटचा दिवस १७. पुन्हा अडकली. बोनस पहिल्या पगारात न देता तीन महिन्यांनी दिला असता तर तिचं 'एक वर्ष' प्रत्यक्षात सव्वा वर्षाचं झालं असतं.

तीच मुलगी, त्याच तारखा. एका वाक्यात शून्य, दुसऱ्या दोन वाक्यांत ३ लाख. म्हणून आम्ही लोकांना सांगतो, राजीनाम्याचा ईमेल लिहिण्याआधी ऑफर लेटरमधलं ते एक वाक्य कागदावर उतरवून काढा. डोक्यातल्या आठवणीवर जाऊ नका. आणि फक्त ऑफर लेटर नाही, रुजू होताना सही केलेलं अपॉइंटमेंट लेटरही बघा. दोन्हींत शब्द वेगळे असले तर बहुतेक वेळा अपॉइंटमेंट लेटरमध्येच एक ओळ असते की आधीची सगळी पत्रं यात विलीन झाली.

(श्रोत्यांमधून प्रश्न : कंपनीने आधीच सोडलं तर?)

हा चांगला प्रश्न आहे, आम्ही तिकडेच येत होतो. समजा करार पहिल्या तऱ्हेचा आहे, म्हणजे शेवटचा दिवस महत्त्वाचा. मुलगी निश्चिंत आहे. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मॅनेजर म्हणतो, "तुझं काम हँडओव्हर झालंय, आम्ही तुला १४ नोव्हेंबरलाच रिलीव्ह करतो." तिला आनंद होतो, सुट्टी मिळाली. आठवड्याने फुल अँड फायनलचा हिशोब येतो आणि त्यात ३ लाखांची वसुली असते, कारण तिची नोकरी १ डिसेंबरच्या आत संपली.

इथे आमचं मत ठाम आहे. नोटीस तिने १७ डिसेंबरपर्यंतची दिली होती, ती पुरी करायला ती तयार होती, आणि मुदत कंपनीने स्वतःच्या सोयीने कापली. स्वतःच्या कृतीने अट मोडायला लावायची आणि मग त्याच अटीचा फायदा घ्यायचा, हे कुठल्याही न्यायाधीशाला पटवणं कंपनीला जड जाईल. पण हे म्हणायला तिच्याकडे कागद हवा. मॅनेजरने तोंडी सांगितलं आणि तिने तोंडी 'थँक यू सर' म्हटलं, तर पुढे कंपनी म्हणणार की तिनेच लवकर सोडण्याची विनंती केली होती. त्याच दिवशी एक दोन ओळींचा ईमेल पाठवायचा : मी १७ डिसेंबरपर्यंत काम करायला तयार आहे, कंपनीच्या इच्छेनुसार मला १४ नोव्हेंबरला मुक्त केलं जात आहे, यामुळे माझ्या सेवेच्या कालावधीवर किंवा जॉइनिंग बोनसवर परिणाम होणार नाही असं मी समजते. एवढंच. भांडण नाही, कायद्याची कलमं नाहीत. उत्तर आलं नाही तरी चालेल, ईमेल गेलेला पुरे.

आता समजा करार असा आहे की ती कशीही अडकतेच. मग पुढचा प्रश्न : पूर्ण ३ लाख की राहिलेल्या दिवसांपुरते?

काही करारांत प्रो-राटा लिहिलेलं असतं, म्हणजे जितकं वर्ष उरलं तितक्याच हिश्शाची परतफेड. आपल्या मुलीने १४ नोव्हेंबरपर्यंत ३४८ दिवस काम केलं. उरले १७ दिवस. तीन लाखांना ३६५ ने भागून १७ ने गुणलं तर १३ हजार ९७३ रुपये होतात. आणि करारात 'पूर्ण रक्कम' लिहिलेलं असेल तर ३ लाख. सतरा दिवसांसाठी.

करारात 'पूर्ण' लिहिलंय म्हणजे विषय संपला का? इथे करार कायद्याचं कलम ७४ येतं. करार मोडल्यास द्यायची रक्कम आधीच लिहून ठेवली असेल, तरी कोर्ट ती डोळे झाकून देववत नाही. लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, आणि तिच्या आत जी वाजवी भरपाई असेल ती द्यायची, असा त्या कलमाचा अर्थ. म्हणजे ३४८ दिवस काम केलेल्या माणसाकडून पूर्ण रक्कम मागणं हे नुकसानभरपाई आहे की दंड, असं विचारायला जागा आहे.

पण यावर कंपनीच्या वकिलाचं उत्तरही तयार असतं, आणि ते तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. तो म्हणेल, ही भरपाई नाहीच. हे पैसे आम्ही आगाऊ दिले होते, वर्ष पूर्ण झाल्यावरच ते तिचे होणार होते, वर्ष पूर्ण झालं नाही, तेव्हा आमचे पैसे आम्हाला परत हवेत. म्हणून आजकाल चांगल्या वकिलाने लिहिलेल्या ऑफर लेटरमध्ये तुम्हाला 'बोनस' या शब्दाशेजारी 'आगाऊ रक्कम' किंवा 'बारा महिने पूर्ण झाल्यावर अर्जित मानली जाईल' असे शब्द सापडतील. ते शोभेसाठी घातलेले नसतात. ते शब्द असतील तर कंपनीची बाजू भक्कम होते. नसतील, आणि नुसतं 'दंड म्हणून', 'दुप्पट रक्कम' किंवा 'व्याजासह' असं लिहिलेलं असेल, तर तुमची बाजू वर येते. दुप्पट रक्कम मागणारी अट तर कलम ७४ पुढे टिकवणं फारच अवघड आहे.

व्यवहारात या वादाचं काय होतं? सतरा दिवसांसाठी कुणी कोर्टात जात नाही. प्रो-राटाचा आकडा पुढे ठेवून, सेवेचे दिवस मोजून दाखवून, एचआरच्या वरच्या माणसाला लिहिलं तर तडजोड होते, असा आमचा अनुभव आहे. नेहमी नाही. पण 'माफ करा' अशी विनंती आणि '१३ हजार ९७३ मी आज भरते' असा प्रस्ताव यांत बराच फरक पडतो.

आता आम्हाला सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवायचा आहे त्या मुद्द्यावर येतो. कर.

मुलीच्या खात्यात ३१ डिसेंबर २०२४ ला ३ लाख आले का? नाही आले. जॉइनिंग बोनस हा आयकराच्या दृष्टीने पगारच, त्यामुळे कंपनीने त्यातून टीडीएस कापला. तिचं बाकीचं करपात्र उत्पन्न त्या वर्षी आधीच १५ लाखांच्या वर होतं असं धरू. २०२४-२५ च्या नव्या कररचनेत १५ लाखांच्या वर ३० टक्के, त्यावर ४ टक्के सेस, मिळून ३१.२ टक्के. म्हणजे ३ लाखांपैकी ९३ हजार ६०० सरकारजमा आणि तिच्या हातात २ लाख ६ हजार ४००.

आणि आता कंपनी परत मागतेय ३ लाख. जे ९३ हजार ६०० तिने कधी बघितलेच नाहीत, तेसुद्धा. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

करारात 'ग्रॉस' लिहिलंय की 'नेट', म्हणजे कर कापण्याआधीची रक्कम की हातात आलेली, हा शब्द इथे लाख-लाख रुपयांचा होतो. 'नेट' असेल तर ती २ लाख ६ हजार ४०० देते आणि मोकळी होते. 'ग्रॉस' असेल, किंवा काहीच न लिहिता नुसता ३ लाखांचा आकडा असेल, तर कंपनी ग्रॉसच मागणार. कंपनीचीही एक बाजू आहे. तिने सरकारला भरलेला टीडीएस मुलीच्या पॅनवर जमा आहे, कंपनीच्या नाही. कंपनीच्या खिशातून पूर्ण ३ लाख गेलेच आहेत.

मग तो कर परत कसा मिळवायचा? हे पूर्णपणे एका तारखेवर अवलंबून आहे : ३१ मार्च.

बोनस मिळाला आणि परत गेला हे दोन्ही एकाच आर्थिक वर्षात झालं, तर प्रश्न सोपा. पेरोलवाला पगारातून ३ लाख वजा करतो, वर्षाचं करपात्र उत्पन्नच कमी होतं, जास्त कापलेला टीडीएस पुढच्या महिन्यांत जुळवला जातो किंवा रिटर्न भरल्यावर रिफंड मिळतो. कुणाचंच नुकसान नाही.

पण आपल्या मुलीला बोनस मिळाला २०२४-२५ मध्ये आणि वसुली होतेय २०२५-२६ मध्ये. मधे ३१ मार्च गेला. जुन्या वर्षाचा फॉर्म १६ निघाला, रिटर्न भरून झालं. त्या वर्षी तिला ते पैसे खरोखरच मिळाले होते, म्हणून त्या वर्षाचा कर चुकीचाही नव्हता. आता समायोजन करायचं तर वसुलीच्या वर्षात. आणि इथे एक बारीक फटका बसतो. २०२५-२६ ला कराचे टप्पे बदलले. तिचं या वर्षाचं करपात्र उत्पन्न साडेएकोणीस लाख धरलं, तर त्यातून ३ लाख वजा झाल्यावर वाचणारा कर २० टक्क्यांच्या टप्प्यातला. सेस धरून ६२ हजार ४००. भरला होता ९३ हजार ६००. सगळं सुरळीत झालं तरी ३१ हजार २०० गेले ते गेले.

आणि सगळं सुरळीत होतं का? ते बघण्यासाठी फुल अँड फायनलच्या स्लिपमध्ये एकच गोष्ट बघा. स्लिपला दोन बाजू असतात. एका बाजूला कमाई, म्हणजे बेसिक, एचआरए वगैरे. दुसऱ्या बाजूला कपाती, म्हणजे पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, टीडीएस. जॉइनिंग बोनसची वसुली कमाईच्या बाजूला वजा चिन्ह लावून दाखवली असेल, तर तुमचं करपात्र उत्पन्न कमी झालं, फॉर्म १६ मध्येही तसंच येईल. ती कपातीच्या बाजूला, टीडीएसच्या खाली दाखवली असेल, तर कंपनीने तुमचा पगार पूर्ण धरून त्यावर कर कापला आणि मग करानंतरच्या पैशांतून वसुली केली. म्हणजे त्या ३ लाखांवर मागच्या वर्षी भरलेल्या कराची वजावट तुम्हाला या वर्षीही मिळाली नाही. अनेक कंपन्यांचं सॉफ्टवेअर हेच करतं. त्यात दुष्टावा नसतो, कोणी तो कोड वेगळा बनवलेला नसतो इतकंच. पेरोलला वेळेत, म्हणजे आर्थिक वर्षाचा टीडीएस बंद होण्याआधी लिहिलं, तर ती नोंद हलवता येते. आमच्यापैकी पेरोलवाल्याने ती हलवलेली आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

कंपनीने ऐकलंच नाही तर? तर स्वतःच्या रिटर्नमध्ये पगारातून वसूल झालेली रक्कम वजा करून दाखवायची. याला आधार आहे. अहमदाबादच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये, नोकरी सोडताना कंपन्यांनी पगारातून कापून घेतलेल्या रकमेबद्दल, प्रत्यक्ष हाती आलेल्या पगारावरच कर लागेल असं म्हटलं होतं. पण तुमचं रिटर्न आणि फॉर्म १६ यांत फरक दिसला की विभागाकडून विचारणा येऊ शकते, त्यासाठी वसुलीचं पत्र, स्लिप आणि पैसे भरल्याची बँक नोंद जपून ठेवायची. सीएच्या सल्ल्याशिवाय हे करू नका. हे शंभर टक्के खात्रीचं औषध नाही.

या ३१ मार्चमुळे एक विचित्र गोष्ट होते. एप्रिलमध्ये रुजू झालेल्या माणसाचं पहिलं वर्ष जवळपास पूर्ण एकाच आर्थिक वर्षात बसतं, त्याने मधेच सोडलं तर कराचा गुंता नाही. जानेवारी-फेब्रुवारीत रुजू झालेल्या माणसाला बोनस मार्चआधी मिळतो, आणि पहिल्या वर्षात तो जेव्हा सोडेल तेव्हा बहुतेक ३१ मार्च ओलांडलेला असतो. म्हणून वर्षाच्या शेवटी रुजू होणाऱ्यांना आम्ही आग्रहाने सांगतो, बोनस एप्रिलच्या पगारात द्या असं सांगा, किंवा करारात 'नेट' शब्द घालून घ्या. पहिली मागणी कंपन्या सहज मान्य करतात, त्यांचं काहीच जात नाही. मात्र मुदत रुजू तारखेपासूनच मोजायची हे त्याच ईमेलमध्ये लिहून घ्या. नाहीतर मघाची तिसरी तऱ्हा लागू व्हायची.

(श्रोत्यांमधून प्रश्न : नवीन कंपनी भरून देते म्हणाली आहे, मग काळजी कशाला?)

त्याला बायआउट म्हणतात. घ्या, पण दोन गोष्टी विचारा. नवी कंपनी तुम्हाला ३ लाख देईल ते पुन्हा पगार म्हणूनच, म्हणजे त्यावर पुन्हा टीडीएस. जुन्या कंपनीला ३ लाख भरायचे आणि नव्या कंपनीकडून हातात दोन-सव्वादोन यायचे, असं होतं. तेव्हा 'कर धरून रक्कम वाढवून देणार का' हे आधी विचारा. आणि त्या बायआउटवरही नवीन एक वर्षाचा क्लॉबॅक असतो, तो तर वाचाच. दोन वर्षांत तीन कंपन्या बदललेली मुलं आम्ही बघितली आहेत, ज्यांच्या डोक्यावर पहिल्या कंपनीचाच बोनस अजून फिरतोय.

आता शेवटचा भाग, वसुली प्रत्यक्ष कशी होते. कंपनीच्या हातात सोपं साधन एकच : शेवटचा पगार. ते कितपत वापरता येतं? २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार राजीनामा दिलेल्या माणसाचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, आणि कायद्याने मान्य केलेल्या कपाती सोडून दुसरी कपात करता येत नाही. आगाऊ दिलेल्या रकमेची वसुली ही मान्य कपातींपैकी एक आहे. म्हणून मघाशी सांगितलेला 'आगाऊ' हा शब्द इथे दुसऱ्यांदा कंपनीच्या उपयोगाला येतो. पण सगळ्या कपाती मिळून त्या पगाराच्या काळातल्या वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. म्हणजे शेवटचा पगार शून्य करून 'उरलेले १ लाख ८० हजार भरा' अशी स्लिप आली, तर निम्म्याच्या वरची कपात तपासून घ्यायला हवी. देणं संपत नाही, पण ते शेवटच्या पगारातून ओरबाडून घेता येत नाही, वेगळं मागावं लागतं. पीएफला तर हात लावताच येत नाही. ते पैसे कंपनीकडे नसतातच, आणि कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

वसुलीच्या पत्रात कधी कधी ३ लाखांवर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसतो. केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे की नोटीस पिरियडची आणि बॉण्डची वसुली ही काही 'सेवा' पुरवल्याची किंमत नव्हे, त्यावर जीएसटी नाही. जॉइनिंग बोनसची परतफेडही त्याच जातीची. ५४ हजारांची ती ओळ दिसली तर परिपत्रकाचा हवाला देऊन काढायला सांगा. बहुतेक जण निमूट काढतात.

(श्रोत्यांमधून प्रश्न : एचआर म्हणतं पोलिसात तक्रार करू. आणि रिलीव्हिंग लेटर देत नाहीत.)

पोलिसांचा इथे संबंध नाही. पैसे घेतले, कराराप्रमाणे परत द्यायचे की नाही यावर वाद आहे, हा दिवाणी मामला. रुजू होतानाच फसवण्याचा हेतू होता असं काही नसेल, तर ती धमकी फक्त धमकीच. कंपनी काय करू शकते? वकिलाची नोटीस पाठवू शकते आणि तीन वर्षांच्या मुदतीत दिवाणी दावा लावू शकते. त्यामुळे दोन महिने फोन आला नाही म्हणजे सुटलो, असं समजू नका.

रिलीव्हिंग लेटरचं दुखणं मात्र खरं आहे. ते अडवून धरणं बरोबर नाही, पण नवी कंपनी ते मागते आणि तुम्ही घाईत असता, हे एचआरला माहीत असतं. अशा वेळी जी रक्कम तुम्हाला मान्य आहे ती आधी भरून टाका, आपल्या उदाहरणात १३ हजार ९७३ किंवा नेट रक्कम, आणि उरलेल्याबद्दल लेखी लिहा की हा आकडा मला मान्य नाही, कारण अमुक. पत्राची अगदीच निकड असेल आणि पूर्ण भरावेच लागले, तर भरताना 'निषेध नोंदवून, हक्क राखून' असं ईमेलमध्ये लिहा. विजया बँकेच्या त्या अधिकाऱ्याने हेच केलं होतं, म्हणून तर तो पैसे भरूनही कोर्टात जाऊ शकला. आणि तुमचे जुने पगाराचे स्लिप, फॉर्म १६ आणि पीएफची सेवा नोंद नव्या कंपनीला दाखवा. निदान वाद मिटेपर्यंत तेवढ्यावर काम भागवणाऱ्या कंपन्या आहेत.

मागे कोणीतरी हात वर केलाय. बोला.

(श्रोत्यांमधून प्रश्न : आणि कंपनीनेच काढलं तर? माझ्या मुलाला आठव्या महिन्यात लेऑफमध्ये काढलं, आता बोनस मागतायत.)

काका, पत्र घेऊन या आणि त्यात एकच बघा. 'कर्मचाऱ्याने स्वेच्छेने सोडल्यास' लिहिलंय की 'कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास'. पहिलं असेल तर लेऑफमध्ये एक रुपयाही देणं लागत नाही, तसं सरळ ईमेलने कळवा. मात्र लेऑफच्या वेळी त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतलाय का ते आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी 'रेकॉर्ड चांगलं राहील' म्हणून राजीनामा लिहून घेतात आणि मग कागदावर तो स्वेच्छेने सोडलेला दिसतो. लिहून दिला असेल तर त्या आठवड्यातले ईमेल, मीटिंगचं निमंत्रण, सगळं काढून ठेवा. 'कोणत्याही कारणाने' लिहिलं असेल तर लढाई अवघड आहे, पण कंपनीनेच नोकरी संपवली असताना पूर्ण रक्कम मागणं वाजवी आहे का, हा कलम ७४ चा प्रश्न तिथेही विचारता येतो. आणि बोनस कोणत्या महिन्यात मिळाला होता तेही लिहून आणा, मधे ३१ मार्च गेला असेल तर कराचं वेगळं बघावं लागेल.